चौऱ्याहत्तर आणि पंचाहत्तर यांच्यामधली भिंत

"मुलगी बीकॉमच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. पाच पेपर, सगळे चार क्रेडिटचे. तिचे गुण ८४, ७४, ७४, ६४ आणि ७३, एसजीपीए ८.००. तिच्या मैत्रिणीचे ७५, ६५, ६५, ६६ आणि ८५, एसजीपीए ८.६०. गुण आमच्या मुलीचे जास्त, पॉइंट तिचे जास्त. कॉलेजची चूक आहे का? अर्जात टक्के मागतात तिथे दहाने गुणायचे की साडेनऊने? आमच्या वेळी साठ टक्के पडले तर वाड्यावर पेढे वाटायचे, आता ज्याला त्याला 'ए'. हा काय प्रकार आहे?" (एक पालक, डिचोली)

चूक नाही. दोन्ही मार्कलिस्टा मी कागदावर मांडून पाहिल्या, आकडे बरोबर आहेत. गोव्यातल्या एका कॉलेजात तीसेक वर्षे कॉमर्सच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवले, त्यातली बरीच वर्षे परीक्षा समितीवर काढली. तुमच्यासारखा पालक दर सेमिस्टरला दोन मार्कलिस्टा शेजारी ठेवून ऑफिसात यायचा आणि खिडकीवरचा क्लार्क त्याला माझ्याकडे पाठवायचा. त्यांना जे पेनाने लिहून दाखवायचो तेच इथे लिहितो.

तुम्ही दिलेल्या गुणांवरून पट्टी ओळखता येते. ८५ आणि त्यावर 'ओ', म्हणजे दहा पॉइंट. ७५ ते ८४ 'ए प्लस', नऊ पॉइंट. ६५ ते ७४ 'ए', आठ. ५५ ते ६४ 'बी प्लस', सात. आता तुमच्या मुलीचे बघा. ८४ ला नऊ, दोन ७४ ना आठ-आठ, ६४ ला सात, ७३ ला आठ. बेरीज चाळीस, पाच पेपर, म्हणजे आठ. मैत्रिणीला ७५ चे नऊ, दोन ६५ चे आठ-आठ, ६६ चे आठ, ८५ चे दहा. बेरीज त्रेचाळीस, म्हणजे ८.६. क्रेडिट सगळीकडे सारखे असल्यामुळे नुसती सरासरी चालते. एखादा पेपर दोन क्रेडिटचा असता तर त्याचे पॉइंट दोनने आणि बाकीचे चारने गुणून एकूण क्रेडिटनी भागायचे, एवढाच फरक. गुणांची सरासरी काढली तर तुमच्या मुलीची ७३.८ आणि मैत्रिणीची ७१.२.

खरी गंमत या कप्प्यांच्या कडांवर आहे. तुमची मुलगी पाचपैकी चार पेपरांत कप्प्याच्या अगदी वरच्या काठावर उभी आहे, वरच्या कप्प्यात जायला प्रत्येक ठिकाणी एकेक गुण कमी. मैत्रीण पाचपैकी चार पेपरांत कप्प्याच्या उंबरठ्यावर, जेमतेम आत आलेली. तुमच्या मुलीला त्या चार पेपरांत प्रत्येकी एक गुण जास्त पडला असता तर तिचा एसजीपीए ८.८ झाला असता. पाचशेपैकी फक्त चार गुण, आणि पाऊण पॉइंटाहून जास्त उडी. उलट मैत्रिणीचा त्याच चार पेपरांत एकेक गुण गेला असता तर ती ७.८ वर आली असती. म्हणजे दोघींमधला ०.६ चा फरक अभ्यासाचा कमी आणि कडांचा जास्त आहे. मुलीला हे आकडे दाखवा. तिने मनाला लावून घेतले असेल तर बरे वाटेल.

मग असली पट्टी आणलीच कशाला, असा प्रश्न पालक लगेच विचारतात. त्यामागचा विचार मुळात प्रामाणिक होता. एकदा आमच्या विभागात आम्ही पाच जणांनी एकाच उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स घेऊन, एकमेकांना न विचारता तपासल्या. थिअरीचा पेपर होता, त्यात मोठी उत्तरे बरीच. सर्वांत कमी ५२ पडले, सर्वांत जास्त ६१. पाचही जण अनुभवी, कुणी आळशी नव्हता. एकाला मुद्दे पुरेसे वाटले, दुसऱ्याला आकृती हवी होती, तिसऱ्याने उदाहरण नाही म्हणून दोन गुण कापले. आता सांगा, एका मुलाला ५७ आणि दुसऱ्याला ५९ पडले तर दुसरा हुशार असे कुठल्या तोंडाने म्हणायचे? त्यापेक्षा दोघांनाही 'बी प्लस' म्हणावे आणि तपासणीतल्या चुकीइतका फरक झाकून टाकावा, असे ग्रेडच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे. मला ते अजूनही पटते.

घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. अक्षर देऊन थांबले असते तर ठीक होते. पण त्या अक्षराला आपण पुन्हा आकडा लावतो, आकड्यांची सरासरी काढतो आणि ती दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापतो. ७४ आणि ७५ मध्ये फरक करता येत नाही म्हणून ग्रेड आणले, आणि त्याच ग्रेडमधून ८.०० आणि ८.०४ असा फरक बाहेर काढून त्यावर रँक लावतो. काट्यावर किलोचीच वजने असताना ग्रॅमचा भाव ठरवण्यातला हा प्रकार आहे.

सहा सेमिस्टरांचा सीजीपीए होतो तेव्हा ही कडांवरची नशिबाची गोष्ट बरीच विरते हेही सांगायला हवे. सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरांची क्रेडिटच्या वजनाने काढलेली सरासरी. कुठल्या पेपरात मूल काठावर पडते, कुठल्या पेपरात उंबरठ्यावर, आणि तीसचाळीस पेपरांत हे बहुतेक एकमेकांना काटते. एकाच सेमिस्टरच्या पाच पेपरांत काटायला जागाच नसते, म्हणून तुमच्याकडे ते एवढे ठळक दिसले. पुढच्या सेमिस्टरला उलटे चित्र दिसले तर मैत्रिणीच्या घरी फोन करू नका.

आता दहा की साडेनऊ. दोन्ही नको. तुमच्याच घरातला आकडा घ्या. ८.० ला दहाने गुणले तर ८०, साडेनऊने गुणले तर ७६. खरे टक्के ७३.८. मैत्रिणीचे ८.६ म्हणजे एका हिशेबाने ८६, दुसऱ्याने ८१.७, आणि खरे ७१.२. मुलीच्या बाबतीत साडेनऊने दोन टक्क्यांची चूक होते, मैत्रिणीच्या बाबतीत दहाहून जास्त. एकच गुणक दोघींना बसणार नाही, कारण एकदा कप्प्यात टाकलेला गुण कप्प्यातून तसाच बाहेर काढता येत नाही. पाचही पेपरांत 'ए' मिळवणारी मुलगी पाचही ठिकाणी ६५ वर असेल किंवा पाचही ठिकाणी ७४ वर; तिचा एसजीपीए दोन्ही वेळा ८.००.

साडेनऊ आले कुठून हे माहीत असले की ते कुठे वापरायचे नाही तेही कळते. सीबीएसईने २००९-१० पासून दहावीला सीसीई ही वर्षभराच्या मूल्यमापनाची पद्धत आणली तेव्हा दहा-दहा गुणांचे कप्पे होते. ९१ ते १०० ला दहा पॉइंट, ८१ ते ९० ला नऊ, ७१ ते ८० ला आठ, असे खाली. वरच्या कप्प्यातल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास येत होती, तिला दहाने भागले की साडेनऊ. नऊ पॉइंटला साडेनऊने गुणले तर ८५.५ येतात, आणि ८१ ते ९० चा मध्य तोच. म्हणजे त्या पट्टीवर, वरच्या कप्प्यांसाठी, तो गुणक सरासरीने बरोबर होता. तुमच्या मुलीच्या पट्टीवर नऊ पॉइंट ७५ ला सुरू होतात, तिथे तो लावण्यात अर्थ नाही. तरी आजही दहावीची सवय म्हणून बीकॉमच्या सीजीपीएला साडेनऊने गुणणारी मुले मी पाहतो, आणि त्यांना शिकवणारे सायबर कॅफेवालेही.

एआयसीटीईने इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी वेगळे कोष्टक दिले होते. त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५. सीजीपीएतून पाऊण वजा करून दहाने गुणायचे असा त्याचा अर्थ. त्या हिशेबाने आठ पॉइंटला ७२.५ टक्के येतात. तुमच्या पट्टीवर आठ पॉइंटचा मध्य ७० जवळ आहे, सातचा ६० जवळ, नऊचा ८० जवळ. तेव्हा घरच्या घरी अंदाज करायचा असेल तर एसजीपीएतून एक वजा करा आणि दहाने गुणा. तुमच्या मुलीला ७० येतील, मैत्रिणीला ७६. दोन्ही चुकले, एक खाली, एक वर, पण या पट्टीवर शेकडो मुलांची सरासरी काढली तर हेच जवळचे ठरेल. हा अंदाज स्वतःपुरता. अर्जात लिहायचा नाही.

अर्जात काय लिहायचे? अर्जात सीजीपीएचा रकाना असेल तर सीजीपीए लिहा आणि 'दहापैकी' हे लिहायला विसरू नका. टक्केच मागत असतील तर विद्यापीठाचा स्वतःचा रूपांतराचा नियम असतो, तो मार्कलिस्टच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात सापडतो, आणि तसे प्रमाणपत्र मागितले तर बहुधा मिळते. तोच आकडा लिहायचा, सोबत प्रमाणपत्र जोडायचे. मार्कलिस्टवर गुण छापलेले असतील आणि अर्जात 'मिळालेले गुण, एकूण गुण' असे विचारले असेल तर सरळ गुणांची बेरीज. आपल्या मनाने गुणक लावून भरलेला आकडा कागदपत्र तपासणीच्या वेळी जुळला नाही की मूल खोटे ठरते, आणि तिथे साडेनऊची गोष्ट ऐकायला कुणाला वेळ नसतो. नेटसारख्या परीक्षेला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्क्यांची अट असते. अशा अटींवर दोन टक्के इकडे की तिकडे यावर सगळे अवलंबून राहते, म्हणून हे प्रमाणपत्र पदवी हातात आल्या आल्या काढून ठेवावे. ऐनवेळी ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात फेऱ्या मारण्यापेक्षा ते बरे.

आता पेढ्यांकडे येतो. मी बीकॉम झालो तेव्हा गोव्यातली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोवा विद्यापीठ १९८५ चे. आमच्या वर्गात साठ टक्क्यांवर बोटावर मोजण्याइतकी मुले असायची. निकाल लागला की नाव कुणाचे, कुठल्या वाड्यावरचे, हे पूर्ण तालुक्याला कळायचे. आजच्या मुलांना जास्त ग्रेड मिळतात यावरून ती आयती पास होतात असे मी म्हणणार नाही. आम्ही वर्षातून एकदा, एका पेपरात पूर्ण पुस्तक ओकायचो. आज सेमिस्टरला अर्धे पुस्तक येते, प्रश्नांचा नमुना माहीत असतो, दोन-तीन छोट्या चाचण्या आधी होतात. साहजिकच गुण जास्त पडतात, आणि त्यातला काही भाग खऱ्या शिकण्याचा असतो. ग्रेडची फुगवट वेगळी. काम तेच राहते आणि त्याच कामाला लागणारे अक्षर वर सरकते, तेव्हा तिला फुगवट म्हणायचे.

ती कुठून येते हे मी जवळून पाहिले आहे, आणि थोडी हातानेही केली आहे, ते कबूल करतो. शंभर गुणांच्या पेपरात वीस गुण आयएसएचे, म्हणजे सेमिस्टर चालू असताना आम्ही घ्यायच्या चाचण्या आणि असाइनमेंटचे, आणि ऐंशी शेवटच्या परीक्षेचे, असे धरा. एका मुलाने ऐंशीपैकी ४७ मिळवले. त्याच्या चाचण्या प्रामाणिकपणे तपासल्या तर वीसपैकी १२ बसतात. बेरीज ५९, 'बी प्लस'. पण मास्तर म्हणतो, पोरगा नियमित येतो, वागायला चांगला आहे, शेजारच्या कॉलेजात सगळ्यांना अठरा देतात, मग माझ्याच मुलांनी का मागे राहावे? तो १८ देतो. बेरीज ६५, 'ए'. आत्मा तसा नाराज नाही, कारण कुणाचे नुकसान झाले असे वाटत नाही. असे एका वर्गाचे सगळे आयएसए गुण १७ ते १९ मध्ये आले की ते वीस गुण मुलांमध्ये फरक करायचे थांबतात आणि सगळ्यांना सारखे वर उचलतात. रँक बदलत नाही. अक्षर मात्र बदलते.

दुसरी जागा म्हणजे निकाल लावायची बैठक. मार्कांची यादी समोर असते आणि पट्टीच्या कडा सगळ्यांना पाठ असतात. ३९ वर कुणी दिसला की पेपर काढून पुन्हा बघितला जातो, आणि ते योग्यच आहे, एका गुणासाठी वर्ष जाऊ नये. पुढे तीच दया ६४ ला, मग ७४ ला, मग ८४ ला लागते. एका वर्षी मी सहज एका विषयाचे सगळे गुण आलेखावर टाकले. ६३ वर सात मुले, ६४ वर एकही नाही, ६५ वर सोळा. ७४ ची तीच गत. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या खाजणाला भेगा पडतात तशा त्या आलेखात प्रत्येक कडेच्या अलीकडे भेगा होत्या. समितीत मी तो कागद दाखवला. सगळे हसले, एक जण म्हणाला, "सर, तुमच्याच वर्गाचा आहे." खरेच होता.

फुगवट ओळखायची झाली तर मी दोनच गोष्टी बघतो. एक हाच आलेख: खऱ्या गुणांत ६४ आणि ६५ वर साधारण सारखीच मुले असायला हवीत, तिथे खड्डा आणि टेकडी दिसली तर कुणीतरी ढकलले आहे. दुसरी, आयएसएच्या टक्क्यांतून शेवटच्या परीक्षेचे टक्के वजा करायचे. चाचण्या लहान भागावर असतात म्हणून पाचदहा टक्क्यांचा फरक मला चालतो. आयएसएला वर्गाची सरासरी ९० टक्के आणि सेमिस्टरच्या परीक्षेला ५२ टक्के असेल तर ते आयएसएचे गुण म्हणजे चवथीला वाटलेले नेवऱ्यांचे ताट. तुमच्या मुलीच्या मार्कलिस्टवर दोन्ही गुण वेगळे छापले असतील तर तिचेही करून बघा. शेवटच्या परीक्षेचा आकडाच तिला तिचे खरे सांगेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. फुगवट नसेल तर वर्गातली मुले पाच ते साडेनऊ अशा लांब पट्टीवर पसरतात. चार गुणांनी इकडेतिकडे झाले तरी मूल वर्गात थोडेच सरकते. फुगवट आली की सगळा वर्ग साडेसात ते नऊमध्ये येऊन दाटीवाटीने बसतो, आणि वरती जागा नसते, कारण 'ओ' च्या वर कप्पाच नाही. अकाउंट्सला ९७ मिळवणारा आणि ८५ मिळवणारा दोघेही दहावर. या दीड पॉइंटाच्या जागेत तुमच्या मुलीचा ०.८ चा फरक म्हणजे अर्धा वर्ग ओलांडणे. अक्षरे जेवढी वर सरकतात तेवढे कडांवरचे नशीब मोठे होते. तक्रार करायचीच असेल तर सगळ्यांना 'ए' मिळतो याबद्दल करण्यापेक्षा याबद्दल करा.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. हार्वर्डमध्ये २०१३ मध्ये तिथल्या डीनने प्राध्यापकांना सांगितले की मधल्या विद्यार्थ्याचा ग्रेड 'ए मायनस' आहे आणि सर्वांत जास्त वेळा दिला जाणारा ग्रेड सरळ 'ए'. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ठरवून पाहिले की 'ए' गटातले ग्रेड साधारण ३५ टक्क्यांवर ठेवायचे. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, ते लक्ष्य मागे घेतले. एकट्याने आवळून धरले की आपलीच मुले दुसऱ्या विद्यापीठांच्या मुलांशेजारी कमी दिसतात, ही तक्रार तिथेही होती. आमच्या 'शेजारच्या कॉलेजात अठरा देतात' चाच तो मोठा भाऊ. आपल्या देशात बारावीचे गुण इतके वर गेले की २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत काही विषयांचा कटऑफ शंभर टक्के लागला, आणि २०२२ पासून तिथे प्रवेशाला सीयूईटी आली. गुणांनी निवड करता येईनाशी झाली की दुसरी परीक्षा येते, आणि तिच्या क्लासची फी पालकाच्याच खिशातून जाते.

यावर उपाय म्हणून सापेक्ष ग्रेडिंग सुचवतात: गुण कितीही पडोत, वर्गात कितवा त्यावर अक्षर. झुआरीनगरच्या बिट्समध्ये प्राध्यापक पूर्ण वर्गाचे गुण पसरून बघतात आणि मग कुठे 'ए', कुठे 'ए मायनस' ते ठरवतात. सीबीएसईसुद्धा आता मार्कलिस्टवर ग्रेड असेच देते, पास झालेल्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांना 'ए वन', पुढच्या एक-अष्टमांशाला 'ए टू'. म्हणजे बारावीच्या मार्कलिस्टवरचा 'ए' आणि तुमच्या मुलीच्या मार्कलिस्टवरचा 'ए' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, अक्षर तेवढे एक. मोठ्या वर्गात सापेक्ष पद्धत चांगली चालते. पण आपल्या तालुक्यांच्या कॉलेजांत बीएच्या शेवटच्या वर्षाला एखाद्या विषयाला चौदा मुले असतात. चौदांच्या आठव्या भागाला, म्हणजे दोघांनाच 'ए वन' द्यायचा झाला तर ज्या वर्षी पाच खरोखर चांगली मुले आली त्या वर्षी तिघांवर अन्याय, आणि ज्या वर्षी एकही नाही त्या वर्षी दोघांना फुकट. वर मुले एकमेकांना नोट्स द्यायच्या थांबतात, हे मी एका विभागात प्रयोग म्हणून केलेल्या वर्षी पाहिले.

यूजीसीने निवडीच्या श्रेयांक पद्धतीसाठी जी दहा पॉइंटची पट्टी दिली तिने 'ओ' पासून 'एफ' पर्यंत अक्षरे आणि पॉइंट देशभर एक केले. 'ओ' नेमका कितीला सुरू व्हावा ते विद्यापीठांवर राहिले. म्हणून एका ठिकाणचा ८.२ दुसऱ्या ठिकाणच्या ७.५ पेक्षा कमी कामाचा असू शकतो. माझ्या हातात असते तर मार्कलिस्टवर प्रत्येक पेपरच्या ग्रेडशेजारी त्या वर्गाचा मधला ग्रेड छापला असता. 'ए' च्या शेजारी मधला ग्रेडही 'ए' दिसला, की वाचणाऱ्याला काय समजायचे ते समजते. ग्रेड आवळायची गरज नाही, कुणाचे काही काढून घ्यायचे नाही. समितीत दोनदा मांडले, दोनदा चहा येऊन विषय बदलला.

राहता राहिले तुम्ही आत्ता काय करायचे. चार पेपरांत एकेक गुण कमी आहे, म्हणून चारही पेपर पुनर्मूल्यांकनाला टाकायचा मोह होईल. आधी फक्त उत्तरपत्रिकेची प्रत मागा आणि मुलीला स्वतः बसून बेरीज करू द्या. पानामागे राहून गेलेले उत्तर, आतल्या पुरवणीचे न धरलेले गुण, मुखपृष्ठावर उतरवताना ८ चे ३ झालेले, अशा चुका मी दर सेमिस्टरला पाहिल्या आहेत, आणि त्या सुधारून देण्याला कुणी हरकत घेत नाही. बेरीज बरोबर असेल तर पुनर्मूल्यांकनाआधी नियम वाचा, दुसऱ्या तपासणीत गुण कमी झाले तर कुठले धरणार ते त्यात असते. ७३ चा पेपर सोडून द्या, तिथे दोन गुण हवेत. सुरुवात ६४ च्या पेपरापासून करा. पॉइंट चारही ठिकाणी सारखाच वाढेल, पण पुढे मार्कलिस्ट वाचणाऱ्याची नजर त्या एका 'बी प्लस' वर आधी जाईल. आणि मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, तेव्हा हे वाचून झाले की मुलीला उद्याच कॉलेजच्या ऑफिसात पाठवा.